व्हॉइस मेसेज मुके जातायत, साधा फोन मात्र ठणठणीत. माईक कुणी धरून ठेवलाय का?

बंदरावरची | सोमवार, रात्री ९:४०

मी हर्णैची. संध्याकाळच्या लिलावातून मासळी घेते आणि मुरुड, कर्दे, आंजर्ल्याच्या घरगुती खानावळींना पोचवते. लिलाव उरकला की तिथेच उभी राहून भाव सांगणारा एक व्हॉइस मेसेज करते आणि सगळ्यांना पाठवते. सुरमई काय, पापलेट काय, कोळंबी मोठी की मध्यम, बांगडा आलाय की नाही. टाइप करायला हात कोरडे कुठे असतात?

गेले आठ-दहा दिवस हे मेसेज मुके जातायत. बटण दाबते, सेकंद पळतात, चाळीस सेकंदांचा मेसेज जातो आणि पलीकडून उत्तर येतं, "ताई, काही ऐकू येत नाही." मी स्वतः लावून बघितला तर खरंच काही नाही. परवा एका गिऱ्हाइकाने वैतागून दुसरीकडून माल घेतला.

व्हॉट्सअ‍ॅप कॉलची आणखी गंमत. सुरुवातीला बोलणं नीट होतं, मग मध्येच समोरचा "हॅलो, हॅलो" करायला लागतो. मला त्याचं ऐकू येतं, त्याला माझं नाही. पण साधा फोन लावला की सगळं स्वच्छ!

फोन बंद करून चालू केला की थोडा वेळ बरा चालतो, मग पुन्हा तेच. दापोलीला एका दुकानात दाखवला, त्याने न उघडताच "माईक गेलाय, बदलावा लागेल" असं सांगितलं. माईक गेला असता तर साधा फोन कसा चालला असता? अँड्रॉइड १३ आहे, फोन दीड वर्षाचा.

खारा_वारा | सोमवार, रात्री १०:०५

रत्नागिरीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. किनाऱ्यावरच्या फोनचा हा नेहमीचा रोग. खालच्या बाजूला चार्जिंगच्या खाचेशेजारी बारीक भोक असतं ना, त्यात खारं पाणी, मिठाची पूड, माशांच्या टोपलीतला ओलावा जाऊन बसतो. मऊ ब्रशने, कोरड्याने हलकेच साफ करा. टाचणी अजिबात घालू नका, आतला पडदा फाटतो आणि मग खरोखरच माईक बदलावा लागतो.

फोनला एकापेक्षा जास्त माईक असतात. साधा कॉल एका माईकवर आणि व्हॉइस मेसेज दुसऱ्यावर जात असेल, म्हणून फरक पडत असेल.

आबोली_मालवण | सोमवार, रात्री १०:२०

अगो, माझ्या मोबाइलात पन ह्याच झाला हुता. दुकानवाल्यान माईक बदलल्यान, पैशे घेतल्यान, आनि चार दिवसांनी परत मुको! शेवटी मी फोनच बदललंय. तेव्हा घाईत माईक बदलू नको गो बाय.

निवृत्त_मास्तर | सोमवार, रात्री १०:४८

माझाही हाच प्रश्न आहे. मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा त्याचा आवाज फार बारीक येतो, कानाला फोन घट्ट लावून ठेवावा लागतो. मी अलिबागला असतो. काय करावे?

खारा_वारा | सोमवार, रात्री १०:५५

मास्तर, तुमचं उलटं आहे. ताईंचा आवाज पलीकडे जात नाही, तुम्हाला पलीकडचा येत नाही. तुमच्या फोनची वरची जाळी मळलेली असणार, ती ब्रशने पुसा. आणि कॉल चालू असतानाच आवाजाचं बटण वर दाबून बघा. रिंगचा आवाज वाढवला म्हणून कॉलचा वाढत नाही.

टेस्टपॉइंट | मंगळवार, सकाळी ७:१५

मी बरीच वर्षं फोनच्या ऑडिओ टेस्टिंगमध्ये काम केलं, आता चिपळूणला घरून करतो. ताई, माईक बदलू नका. अजून ब्रशलाही हात लावू नका. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

एक, मुका गेलेला एखादा मेसेज हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐका. बारीक खरखर, वारा, लांबून आल्यासारखं काही ऐकू येतं का, की अगदी काहीच नाही? मेसेजवर आवाजाच्या उभ्या रेघा दिसतात, त्या कमी-जास्त आहेत की सगळ्या सारख्या, नुसते ठिपके?

दोन, कुठलाही कॉल चालू नसताना, गाणं-व्हिडिओ काही चालू नसताना, आवाजाचं बटण दाबा. पडद्यावर जी पट्टी येते तिच्यावर चित्र कसलं आहे? गाण्याचं, की फोनच्या रिसीव्हरचं?

तीन, पडद्याच्या अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका आहे का? सावलीत जाऊन बघा, बंदरावरच्या उन्हात तो दिसत नाही.

बंदरावरची | मंगळवार, सकाळी ८:३०

ऐकलं. काहीच नाही. खरखरसुद्धा नाही, आणि मी तर लिलावाच्या गलक्यात उभी होते! रेघा नाहीत, ठिपक्यांची सरळ ओळ आहे.

आवाजाचं बटण दाबलं तर फोनच्या रिसीव्हरचं चित्र येतंय. कुणाचाही कॉल चालू नाही.

हिरवा ठिपका आहे की! तो तर कायमच असतो. मला वाटलं नेट चालू असल्याची खूण असेल.

टेस्टपॉइंट | मंगळवार, सकाळी ९:०२

मग फोन निरोगी आहे. तुमचा माईक दुसऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपने धरून ठेवलाय, आणि ते अ‍ॅप आपण कॉलवर आहोत अशा थाटात बसलंय.

खारा_वारा म्हणतात ते चुकीचं नाही, मिठाने माईक बुजतात हे खरंच आहे. पण बुजलेला माईक इतका गप्प बसत नाही. भोकावर बोट दाबून बोललात तरी घुमल्यासारखं काहीतरी येतंच, निदान सर्किटची खरखर तरी येते. भर लिलावात उभं राहून केलेलं रेकॉर्डिंग ठिपक्यांच्या सरळ ओळीसारखं येत असेल तर फोनने स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपला आवाजाऐवजी शून्यं दिली आहेत.

अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, ही रीत आहे. त्याआधी माईक एका अ‍ॅपकडे असला की दुसऱ्याला सरळ नकार मिळायचा, "रेकॉर्ड करता येत नाही" असं काहीतरी यायचं. आता दुसऱ्यालाही रेकॉर्डिंग सुरू करू देतात, सेकंद पळू देतात, फक्त आत शांतता भरतात. बिचाऱ्या व्हॉट्सअ‍ॅपला कळतही नाही. म्हणून तुम्हाला चूक कुठेच दिसली नाही.

आता माईक कुणाला मिळणार हे कसं ठरतं ते ऐका, कारण त्यावरून चोर कुठल्या जातीचा ते कळतं. दोन साधी अ‍ॅप्स असतील तर जे पडद्यावर उघडं आहे त्याला आवाज मिळतो. म्हणजे मागे कुठे एखादा साधा रेकॉर्डर चालू राहिला तरी तो तुमचा व्हॉइस मेसेज मुका करू शकत नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅप समोर उघडं आहे. पण मागचं अ‍ॅप कॉलसाठीचा माईक घेऊन बसलं असेल तर त्याचं पारडं जड. समोर काहीही उघडं असो, आवाज त्याला मिळतो. हा नियम चांगल्यासाठीच केलाय, तुमचा कॉल चालू असताना दुसऱ्या अ‍ॅपने तो चोरून ऐकू नये म्हणून. इथे तो उलटा बसलाय.

साधा फोन सुटतो, कारण त्यात आवाज अ‍ॅपकडे जातच नाही. माईकवरून थेट मोडेमकडे जातो, मध्ये ही वाटणी नाही.

आता वरून पट्टी खाली ओढा आणि त्या हिरव्या खुणेवर बोट ठेवा. माईक कोण वापरतंय त्याचं नाव येईल. ते इथे लिहा, किंवा कसलं अ‍ॅप आहे एवढं तरी सांगा.

सावध_राहा | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, हे हेरगिरीचं अ‍ॅप आहे!! चोवीस तास तुमचं बोलणं ऐकलं जातंय. ताबडतोब फॅक्टरी रीसेट मारा, सगळे पासवर्ड बदला, बँकेला कळवा. मी इथे दहा वेळा लिहिलंय, कोणी ऐकत नाही.

टेस्टपॉइंट | मंगळवार, सकाळी १०:१०

सावध_राहा, थांबा जरा. रीसेट मारलात तर नाव कळायच्या आधी पुरावा जातो, आणि ताईंच्या गिऱ्हाइकांचे नंबर-चॅटही. ज्याला लपून ऐकायचंय तो रोज लिलावाच्या वेळी बाईंचे मेसेज मुके करून स्वतःकडे लक्ष वेधून घेईल का? अशी गफलत बहुधा एखादं कामाचं अ‍ॅपच करतं. पण नाव अनोळखी निघालं, किंवा अ‍ॅपच्या यादीत ते दिसतच नसलं, तर तुमची शंका रास्त म्हणेन. आधी नाव येऊ दे.

बंदरावरची | मंगळवार, दुपारी १:२०

नाव आलं. वॉकीटॉकीचं अ‍ॅप आहे, भावाने टाकून दिलेलं.

आमची बोट आहे. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपली आणि बोटी बाहेर पडल्या तेव्हा बोटीवरच्या पोरांनी आणि घरच्यांनी मिळून एक चॅनल केलं. बोट किनाऱ्याजवळ आली, रेंज मिळाली की भाऊ बोलतो, "तासाभरात येतोय, एवढा माल आहे." मग मी त्या हिशोबाने गिऱ्हाइकांना सांगते. उपयोगाचं आहे हो, ते काढून टाकणं जमणार नाही.

मी ते उघड्या अ‍ॅपच्या यादीतून वर सरकवून बंद केलं. ठिपका आहे तसाच! परत मेसेज करून बघितला, मुका.

कोकणकन्या_एक्सप्रेस | मंगळवार, दुपारी १:४५

बोटीवर व्हीएचएफ नाही का? चॅनल १६ वर बोलायचं सोडून हे मोबाइलचं खूळ कशाला?

बंदरावरची | मंगळवार, दुपारी १:५२

आहे. पण १६ नंबर संकटात हाक मारायला असतो, त्यावर पापलेटचे भाव सांगायचे का? 🙂 आणि घरी माझ्याकडे कुठला व्हीएचएफ.

टेस्टपॉइंट | मंगळवार, दुपारी २:३०

ताई, वर सरकवलं म्हणजे फक्त त्याची खिडकी मिटली. अशा अ‍ॅपची एक सेवा मागे चालू राहते, तिची सूचना वरच्या पट्टीत पडून असते, आणि ती चालू आहे तोवर माईकही चालू. पट्टी पूर्ण खाली ओढलीत की तळाशी चालू असलेल्या अ‍ॅपची संख्या दिसेल, Active apps. त्यावर दाबलं की प्रत्येकापुढे Stop असतं. नाहीतर अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, माहितीच्या पानावर जा आणि Force stop करा. ठिपका गेला पाहिजे. ठिपका गेल्यावर लगेच पाच सेकंदांचा मेसेज करून बघा.

पण हा झाला तात्पुरता उपाय. मला कोडं पडलंय ते वेगळंच. वॉकीटॉकीला माईक लागतो बटण दाबून बोलताना, एरवी नाही. मग हा सारखा उघडा का ठेवलाय? त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, "आवाज आला की आपोआप बोलणं सुरू" अशा अर्थाचं काही चालू आहे का. बऱ्याच अ‍ॅपमध्ये त्याला VOX म्हणतात.

बंदरावरची | मंगळवार, रात्री ८:५०

लिलावातून आत्ता आले. Force stop केलं, ठिपका गेला, आणि आज आठ-दहा दिवसांनी माझा भावाचा मेसेज बोलका गेला!! मासळीच्या भावाचा म्हणायचंय, भावाचा नव्हे. भाऊ तर चिडलाय, "चॅनलवर हाका मारून थकलो, तू नाहीसच."

VOX सापडलं. चालू होतं. विचारलं तर म्हणतो जाळं ओढताना दोन्ही हात गुंतलेले असतात, बटण कोण दाबणार, म्हणून त्याने आपल्या फोनवर ते चालू केलं. आणि माझा फोन लावून देताना सगळं आपल्यासारखंच करून दिलं. माझे हात कुठे जाळ्यात असतात?

टेस्टपॉइंट | मंगळवार, रात्री ९:२०

झालं, उलगडलं. VOX म्हणजे कुणी बोलतंय का हे कळायला अ‍ॅपला सतत कान उघडा ठेवावा लागतो. कान उघडा म्हणजे माईक उघडा, आणि तोही कॉलच्या दर्जाचा. आवाजाच्या बटणावर रिसीव्हरचं चित्र येत होतं ते याचमुळे. फोनच्या लेखी तुम्ही रात्रंदिवस कॉलवर होतात.

तुमचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल आधी चालून मध्येच का मुका व्हायचा तेही सांगतो. कॉलच्या दर्जाची दोन अ‍ॅप्स समोरासमोर आली तर ज्याने माईक नंतर उघडला त्याला आवाज मिळतो. तुम्ही कॉल लावलात की व्हॉट्सअ‍ॅप नंतरचं, म्हणून सुरुवातीला चालायचं. मग रेंज गेली-आली, वॉकीटॉकीचं चॅनल तुटलं, ते आपोआप पुन्हा जोडलं गेलं आणि जोडताना त्याने माईक नव्याने उघडला. आता ते नंतरचं. तुम्ही गप्प. हर्णैला रेंज किती वेळा जाते-येते ते मी सांगायला नको. घरच्या वायफायवर हा त्रास कमी आणि बंदरावर जास्त होत असेल.

फोन बंद-चालू केल्यावर थोडा वेळ बरं चालायचं, तोही याचाच भाग. ते अ‍ॅप उघडून चॅनलला जोडलं जाईपर्यंतची सवलत.

तेव्हा VOX बंद करा, बटण दाबून बोलायचं ठेवा, आणि अ‍ॅप खुशाल चालू द्या. भावाच्या हाका ऐकायला माईक लागत नाही, तो फक्त बोलायला लागतो.

बंदरावरची | बुधवार, सकाळी ७:४०

घरी वायफायवर कॉल तुटत नव्हते हे अगदी बरोबर! मी म्हणत होते की घरी भुताटकी उतरते आणि बंदरावर चढते.

पण काल रात्री तुमचं वाचायच्या आधी मी एक उद्योग केला. त्या अ‍ॅपची माईकची परवानगीच काढून टाकली. मेसेज बोलके झाले, ठिपका नाही. पण आता व्हिडिओ लावला तर आवाज बारीक येतो, आणि बटणावर अजून रिसीव्हरचंच चित्र. हे काय नवीन?

टेस्टपॉइंट | बुधवार, सकाळी ८:१५

परवानगी काढलीत तेव्हा माईक सुटला, पण अ‍ॅप अजूनही फोनला "कॉल चालू आहे" असं सांगतंय. असं सांगायला माईकची परवानगी लागत नाही. म्हणून रेकॉर्डिंग ठीक, पण आवाजाची घडी अजून कॉलचीच. Force stop एकदा करा, मग उघडून VOX बंद करा, मग परवानगी परत द्या, नाहीतर बटण दाबूनही तुमचा आवाज चॅनलवर जाणार नाही. परवानगी देताना "फक्त अ‍ॅप वापरत असताना" एवढीच द्या.

खारा_वारा | बुधवार, सकाळी १०:३०

टेस्टपॉइंट, मान्य. मी इतकी वर्षं असे फोन आले की आधी ब्रश आणि मग स्क्रू ड्रायव्हर. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना पटकन खात्री करायला काही आहे का? ठिपका अँड्रॉइड १२ पासूनच दिसतो, माझ्याकडे अजून १० आणि ११ वाले ढिगाने येतात.

टेस्टपॉइंट | बुधवार, सकाळी ११:००

तुमच्याकडे कॉम्प्युटर आणि adb असेल तर आहे. फोनच्या माहितीच्या पानावर Build number वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपरचे पर्याय उघडा, त्यात USB debugging चालू करा, केबल लावा. मग फोनवर कुठल्याही रेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंग सुरू करा आणि ते चालू असतानाच हे द्या:

```
adb shell "dumpsys audio | grep silenced"
```

बऱ्याच ओळी येतील, त्यात जुन्याही असतात, म्हणून शेवटच्या बघा. तुमच्या रेकॉर्डरच्या ओळीत नुसतं `silenced` आणि दुसऱ्या कुणाच्या ओळीत `not silenced` असेल तर माईक त्या दुसऱ्याकडे आहे. त्याच ओळीत `pack:` च्या पुढे त्याचं नाव असतं. रेकॉर्डरची ओळ `not silenced` असूनही फाइल मुकी असेल तर मात्र तुमचा ब्रश काढा, कारण मग अ‍ॅपचा दोष नाही. काम झालं की USB debugging बंद करायला विसरू नका, गिऱ्हाइकाचा फोन आहे.

लॅपटॉपवाली_पेण | बुधवार, दुपारी १२:१५

माझं फोनचं नाही, विंडोज लॅपटॉपचं आहे. ऑनलाइन शिकवणी घेते. मीटिंगमध्ये माझा आवाज जात नाही, पण खाली घड्याळाजवळ माईकचं चिन्ह दिसतं. तिथेही हेच असेल का?

टेस्टपॉइंट | बुधवार, दुपारी १२:४०

त्या चिन्हावर माऊस नेलात की माईक कोण वापरतंय त्याचं नाव येतं. फक्त मीटिंगचंच नाव आलं तर माईक कुणी पळवलेला नाही, मीटिंगमध्येच चुकीचा माईक निवडला गेला असेल. दुसरं नाव आलं तर ते अ‍ॅप बंद करून बघा. विंडोजमध्ये सहसा दोन-तीन अ‍ॅप्स एकाच वेळी माईक वापरू शकतात. पण माईकच्या गुणधर्मात Advanced खाली एकाच अ‍ॅपला पूर्ण ताबा घेऊ देणारी खूण असते, ती काढून बघायला हरकत नाही. याचा वेगळा धागा काढा, इथे मासळीत हरवेल.

सावध_राहा | बुधवार, दुपारी १:०५

अजून एक. वरच्या पट्टीत Mic access चं बटण असतं, ते चुकून बंद झालं तरी आवाज जात नाही. माझ्या वहिनीचं झालं होतं. मी तेव्हाही हेरगिरीच समजलो होतो.

टेस्टपॉइंट | बुधवार, दुपारी १:१०

हे खरंच कामाचं सांगितलंत. ते बंद असलं तरी अ‍ॅप्सना अशीच शांतता मिळते. ताईंच्या बाबतीत हिरवा ठिपका होता आणि कॉल थोडा वेळ चालत होता, म्हणून ते नव्हतं. पण ठिपकाच नसेल आणि सगळ्याच अ‍ॅपमध्ये शांतता असेल तर ते बटण सगळ्यात आधी बघावं.

खारा_वारा | बुधवार, संध्याकाळी ६:२०

आजच एक फोन आला, अँड्रॉइड ११, तीच तक्रार. उघडायच्या आधी कमांड दिली. `not silenced` च्या ओळीत एका कॉल रेकॉर्डरचं नाव! प्ले स्टोअरबाहेरून उतरवलेलं अ‍ॅप होतं आणि त्याला सुलभतेची, म्हणजे Accessibility ची परवानगी दिलेली. काढून टाकलं, फोन बोलता झाला. दोन मिनिटांचं काम, पैसे काय मागायचे तेच सुचेना. चहा पाजून गेला.

आबोली_मालवण | बुधवार, संध्याकाळी ६:४५

म्हणजे माझो जुनो फोन बरोच हुतो?? तो मी भाच्याक दिलंय. त्येच्यात पन एक लग्नाच्या बॅन्डवाल्यांचा वॉकीटॉकी हुता.

बंदरावरची | गुरुवार, रात्री ९:१५

दोन दिवस झाले. VOX बंद आहे, चॅनल चालू आहे, भाऊ बोललेलं ऐकू येतं, आणि मेसेज बोलके जातायत. बटण दाबून मी बोलते तेवढ्यापुरता ठिपका येतो, सोडलं की जातो. आता मेसेज करायच्या आधी कोपऱ्यात एक नजर टाकायची सवय लागलीय. आज सकाळी फोन बंद-चालू केला, तरी VOX बंदच राहिलं.

आता भावाचं. त्याला VOX हवंच आहे, जाळ्याचं कारण खरं आहे. त्याचा फोन जुना, अँड्रॉइड १०, ठिपका नाही. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप कॉल पण अर्ध्यात मुके होतात. बोटीवर कुठला कॉम्प्युटर आणि कुठली कमांड?

टेस्टपॉइंट | गुरुवार, रात्री १०:००

त्याला एकदा सेफ मोडमध्ये बघू द्या. पॉवरचं बटण दाबून धरायचं, Power off येईल, त्यावर बोट दाबून ठेवलं की सेफ मोडचं विचारतो. काही फोनमध्ये ते वेगळ्या पद्धतीने येतं. त्यात बाहेरून टाकलेली सगळी अ‍ॅप्स निजलेली असतात. व्हॉट्सअ‍ॅपही नसेल, म्हणून फोनबरोबर आलेल्या रेकॉर्डरने रेकॉर्ड करून बघायचं. तिथे आवाज आला की माईक चांगला, चोर एखादं अ‍ॅप.

पण चोर कोण हे आपल्याला आधीच माहीत आहे, आणि त्याला तोच हवाय. VOX चालू ठेवून व्हॉट्सअ‍ॅप कॉल अर्ध्यात तुटू नये असं त्या फोनवर मला तरी करता येणार नाही. दोघांनाही कॉलचा माईक हवा, आणि नंतर येईल तो घेणार. कॉल करायचा तेव्हा चॅनलमधून बाहेर पडावं, नाहीतर साधा फोन लावावा. ब्लूटूथचं दाबायचं बटण मिळतं, ते हातमोज्यावर बांधून काही जमतंय का, हे कुणी बोटीवर करून बघितलं असेल तर सांगा. खाऱ्या पाण्यात ते किती टिकेल याची मला खात्री नाही.

बंदरावरची | गुरुवार, रात्री १०:१२

सांगते त्याला. पण तो म्हणेल साधाच फोन लावतो. उद्या पहाटे बाहेर पडतायत, परत आला की कळवते.